टर्मिनल व्हॅल्यू ८३ टक्के आली, म्हणून मूल्यांकन चुकले का?

प्रश्न: «आमचा वागळे इस्टेटमध्ये स्टेनलेस स्टीलच्या फ्लँज आणि फिटिंग्जचा कारखाना आहे. वडील आणि दोन काका असे तीन समान भागीदार आहेत आणि थोरले काका आता बाहेर पडत आहेत. डीसीएफ पद्धतीने, म्हणजे पुढे येणाऱ्या रकमा आजच्या किमतीत आणून केलेल्या अहवालात व्यवसायाचे मूल्य साधारण १०१.५ कोटी आले. त्यातले ८४ कोटी नुसती टर्मिनल व्हॅल्यू, म्हणजे पाचव्या वर्षानंतरच्या सगळ्या काळाचे मूल्य आहे. पाच वर्षांचा अंदाज आम्ही दोन महिने बसून केला, त्याचे मूल्य जेमतेम १७ कोटी! पुढच्या रकमा आजच्या किमतीत आणण्याचा दर, म्हणजे डिस्काउंट रेट १३ टक्के, पाच वर्षे वाढ १२ टक्के, पुढे कायमची ५ टक्के धरली आहे. हा आकडा फुगवलेला आहे का?»

टर्मिनल व्हॅल्यूचा वाटा ८३ टक्के आहे एवढ्यावरून अहवाल फुगवलेला आहे असे म्हणता येत नाही, आणि तो ५० टक्के असता तर विश्वासार्ह ठरला असता असेही नाही. मी नोंदणीकृत मूल्यांकनकार आहे. माझे कार्यालय नौपाड्यात आहे आणि गेली अनेक वर्षे वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यातल्या मध्यम आकाराच्या कारखान्यांचे मूल्यांकन हेच माझे मुख्य काम आहे. भागीदार वेगळे होताना जवळजवळ प्रत्येक घरात हीच शंका निघते. शंका रास्त असते, पण बहुतेक वेळा बोट चुकीच्या आकड्यावर ठेवले जाते. तुमच्या अहवालात एक जागा खरोखरच तपासण्यासारखी आहे. ती टक्केवारीत नाही आणि ५ टक्क्यांच्या वाढीतही फारशी नाही. तुमच्यापुढचा खरा प्रश्न असा आहे की पाचव्या वर्षानंतर कारखान्यात घातलेला प्रत्येक नवा रुपया किती कमावेल, आणि त्या कमाईचे श्रेय बाहेर पडणाऱ्या काकांना किती द्यायचे. तिथपर्यंत टप्प्याटप्प्याने जाऊ.

अहवाल माझ्यासमोर नाही, त्यामुळे तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून मी उलटे गणित मांडून पाहिले. पहिल्या वर्षाचा कामकाजाचा नफा, म्हणजे व्याज वजा करण्यापूर्वीचा पण कर वजा केलेला नफा, १० कोटी धरला आणि त्यातले ६० टक्के ही पाच वर्षे दरवर्षी परत व्यवसायात घातले जातात असे मानले, तर तुमचे पाच वर्षांचे आकडे जुळतात. दुसऱ्या एखाद्या मांडणीनेही ते जुळू शकतील, पण समजून घ्यायला ही पुरेशी आहे. नफा दरवर्षी १२ टक्क्यांनी वाढत पाचव्या वर्षी १५.७४ कोटी होतो. हातात मोकळी उरणारी रक्कम, जिला आपण फ्री कॅश फ्लो म्हणतो, ती पहिल्या वर्षी ४ कोटी आणि पाचव्या वर्षी ६.२९ कोटी. या पाच रकमा १३ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणल्या की प्रत्येक वर्षाचे साधारण साडेतीन कोटी होतात आणि बेरीज १७.४ कोटी येते. हेच तुमचे १७ कोटी.

आता या पाच वर्षांत काय घडले ते पाहा. कारखान्याने एकूण ६३.५ कोटी नफा कमावला, पण भागीदारांच्या हाती पडले फक्त २५.४ कोटी. उरलेले ३८ कोटी नव्या सीएनसी मशीनमध्ये, फर्नेसमध्ये, गोदामातल्या मालात आणि गिऱ्हाईकांना दिलेल्या नव्वद दिवसांच्या उधारीत गेले. हा पैसा पाच वर्षांच्या हिशेबात खर्च म्हणून पूर्ण दिसतो, पण त्याचे उत्पन्न मुख्यतः पाचव्या वर्षानंतर येते. पेरणीचा सगळा खर्च रेषेच्या अलीकडे आणि बरेचसे पीक पलीकडे, अशी ही मांडणी आहे. वाढणाऱ्या कोणत्याही कंपनीत टर्मिनल व्हॅल्यू मोठी दिसण्याचे हे पहिले कारण आहे, आणि त्यात कोणाची लबाडी नसते.

दुसरे कारण त्याहून साधे आहे. पाच वर्षे हा काळ मुळातच थोडा आहे. अजिबात न वाढणारा, दरवर्षी तेवढीच रक्कम देणारा व्यवसाय घेतला आणि १३ टक्के दर लावला, तरी पहिल्या पाच वर्षांत त्याच्या मूल्याचे ४६ टक्केच येतात. ५४ टक्के नंतरच्या काळातले असतात. घोडबंदर रोडवर एक कोटीचा फ्लॅट घेऊन तो वर्षाला तीन लाख भाड्याने दिला, तर पाच वर्षांत भाडे पंधरा लाख मिळते. बाकीची सगळी किंमत पाच वर्षांनी तो फ्लॅट किती रुपयांना जाईल यात असते. तिथे कोणी म्हणत नाही की ८५ लाख हवेत आहेत. आपल्याला माहीत असते की पुढचा खरेदीदार त्यानंतरच्या भाड्यांसाठीच पैसे देणार आहे. टर्मिनल व्हॅल्यू म्हणजे कारखान्याची तीच पाच वर्षांनंतरची किंमत, फक्त बाजारात विचारून नव्हे तर सूत्राने काढलेली.

आता माझ्या मते सगळ्यात उपयोगी पडताळा. तुमच्या मूल्यांकनकाराने अंदाजाची रेषा पाचव्या वर्षी ओढली. समजा त्याने एकही गृहीतक न बदलता ती दहाव्या वर्षी ओढली असती, म्हणजे सहाव्या ते दहाव्या वर्षाच्या रकमा त्याच ५ टक्के वाढीने वेगवेगळ्या लिहून दाखवल्या असत्या, तर एकूण मूल्य तेच १०१.५ कोटी आले असते, पण टर्मिनल व्हॅल्यूचा वाटा ५७ टक्के दिसला असता. विसाव्या वर्षी ओढली असती तर २८ टक्के. कारखाना तोच, मूल्य तेच, आणि टक्केवारी ८३ वरून २८ वर. म्हणून ही टक्केवारी रेषा कुठे ओढली हे सांगते, आकडा खरा की खोटा हे सांगत नाही. उलट मला असे अहवाल पाहायला मिळाले आहेत की ज्यांत टर्मिनल व्हॅल्यूचा वाटा कमी दिसावा म्हणून पंधरा वर्षांचा अंदाज एक्सेलमध्ये नुसता खाली ओढलेला असतो. तिथे अनिश्चितता कमी झालेली नसते, ती पंधरा रकान्यांत पसरलेली असते आणि त्यामुळे शोधायला अधिक कठीण होते.

तुमच्या दोन महिन्यांच्या मेहनतीबद्दलही सांगतो, कारण ती वाया गेलेली नाही. पाचव्या वर्षाचा नफा हा टर्मिनल व्हॅल्यूचा पाया असतो. तुमचा १५.७४ कोटींचा आकडा दहा टक्क्यांनी कमी निघाला, तर त्या एका वर्षाच्या रोख रकमेत आजच्या किमतीने पस्तीसएक लाखांचा फरक पडेल, पण टर्मिनल व्हॅल्यूतून ८.४ कोटी जातील. म्हणून अंदाजाचे शेवटचे वर्ष हे साधारण वर्ष असले पाहिजे. स्टेनलेस स्टीलच्या धंद्यात निकेलचा भाव चढताना जुन्या भावाने घेतलेला माल नव्या भावाने विकला जातो आणि एखाद्या वर्षी मार्जिन चांगलेच फुगते. असे वर्ष पाया म्हणून धरले गेले, तर त्या वर्षीचा योगायोग कायमचा नफा म्हणून मोजला जातो. तुमच्या मागच्या सात-आठ वर्षांच्या मार्जिनची सरासरी काढा आणि पाचव्या वर्षाचे मार्जिन तिच्या बरेच वर असेल तर त्याचे कारण विचारा.

आता सूत्राकडे येऊ. प्राध्यापक मायरन गॉर्डन यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र बहुतेक अहवालांत असते: सहाव्या वर्षाची मोकळी रक्कम भागिले डिस्काउंट रेट आणि वाढीचा दर यांतला फरक. तुमच्या बाबतीत हा फरक १३ वजा ५, म्हणजे ८ टक्के आहे, आणि ८ टक्क्यांनी भागणे म्हणजे साडेबारा पट करणे. भाजक लहान असल्यामुळे तो थोडासा हलला तरी उत्तर खूप हलते. डिस्काउंट रेट १३ ऐवजी १२ केला की तुमचे एकूण मूल्य १०१.५ वरून ११८ कोटींच्या पुढे जाते. हे सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून भांडण नेहमी या दोन दरांवर होते. पण त्याच सूत्राचा वरचा भाग, म्हणजे सहाव्या वर्षाची मोकळी रक्कम, कोणी पाहत नाही. मी स्वतः सूत्र पुढील रूपात लिहितो, कारण त्यात लपण्याची जागा राहत नाही.

```
TV = NOPAT6 × (1 − g / RONIC) / (WACC − g)
```

यात `NOPAT6` म्हणजे सहाव्या वर्षाचा कर वजा केलेला कामकाजाचा नफा, `g` म्हणजे कायमचा वाढीचा दर, `WACC` म्हणजे डिस्काउंट रेट, आणि `RONIC` म्हणजे पाचव्या वर्षानंतर घातलेल्या नव्या भांडवलावर मिळणारा परतावा. कंसातला भाग एवढेच सांगतो की वाढ फुकट मिळत नाही. नफा दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढवायचा आणि नव्या भांडवलावर २० टक्के सुटत असतील, तर नफ्याचा चौथा हिस्सा परत व्यवसायात घालावाच लागतो आणि पाऊण हिस्सा हातात राहतो. तुमचे आकडे नेमके इथेच जुळतात. सहाव्या वर्षाचा नफा १६.५२ कोटी, त्यातले ७५ टक्के १२.३९ कोटी, साडेबारा पट करून १५४.९ कोटी, आणि पाच वर्षे मागे आणल्यावर ८४.१ कोटी. म्हणजे अहवालात कुठे लिहिलेले असो वा नसो, तुमच्या मूल्यांकनकाराने बहुधा असे धरले आहे की तुमचा कारखाना नव्या पैशावर कायम २० टक्के कमावत राहील.

हे गृहीतक किती वजनाचे आहे ते पाहा. नवे भांडवल २० ऐवजी १६ टक्के कमावेल असे धरले तर एकूण मूल्य ९४.५ कोटी होते. १३ टक्के, म्हणजे डिस्काउंट रेटएवढेच कमावेल असे धरले, तर ८६.४ कोटी. या शेवटच्या स्थितीत एक गोष्ट घडते, जी प्रत्येक भागीदाराने एकदा तरी कागदावर करून पाहावी. परतावा आणि डिस्काउंट रेट सारखे झाले की सूत्र आटोपून सहाव्या वर्षाचा नफा भागिले १३ टक्के एवढेच उरते. वाढीचा दर ५ ठेवा किंवा ७ करा, भाजकातून तो नाहीसा होतो आणि उत्तर सहाव्या वर्षाच्या नफ्यापुरते, म्हणजे किरकोळच, हलते. ज्या वाढीवर जितका खर्च तितकेच उत्पन्न, त्या वाढीला किंमत नसते. याउलट, २० टक्के परतावा कायम धरून वाढ ५ वरून ७ टक्के केली तर मूल्य ११६ कोटींवर जाते. आणि एक्सेलमध्ये फक्त वाढीचा रकाना बदलला, परत घालायचा हिस्सा २५ टक्केच ठेवला, तर १३१.६ कोटी दिसतात. ते पंधरा कोटी कुठल्याही कारखान्यात तयार होत नाहीत. ते केवळ एक रकाना दुसऱ्याशी न जोडल्यामुळे येतात.

या चुकीचे एक रूप फार पसरलेले आहे. टर्मिनल वर्षात भांडवली खर्च घसाऱ्याएवढा धरायचा, खेळत्या भांडवलातली वाढ शून्य करायची, आणि तरीही वाढ ५ टक्के लावायची. ऐकायला हे शहाणपणाचे वाटते, कारण कंपनी आता स्थिरावली असे आपण म्हणतो. पण घसाऱ्याएवढा खर्च म्हणजे जुनी मशीन बदलत राहणे, नवीन एकही न घेणे. तुमच्या कारखान्याला हेच लावले तर मूल्य १२९.५ कोटी येते.

व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत ही चूक मी स्वतः केली आहे. पावण्यातल्या एका प्लॅस्टिक मोल्डिंग कारखान्याचे मूल्यांकन होते आणि मी कायमची वाढ ६ टक्के लावून भांडवली खर्च घसाऱ्याएवढा ठेवला होता. खरेदीदाराकडून एक ज्येष्ठ हिशेबनीस आले होते. त्यांनी माझा अहवाल मिटून बाजूला ठेवला आणि मला शेडमध्ये घेऊन गेले. सहा मशीन तिन्ही पाळ्या चालत होती. दोन मशीनमधून हाताने ढकलायची ट्रॉली जेमतेम जाईल एवढी वाट होती आणि तयार मालाची खोकी जिन्याखाली रचलेली होती. ते म्हणाले, “साहेब, तुमची सहा टक्के वाढ पुढच्या वर्षी या शेडमध्ये कुठे उभी करू, ते मला दाखवा.” मला दाखवता आले नाही. मी तो अहवाल पुन्हा नव्याने केला, सातव्या मशीनचा आणि शेजारच्या गाळ्याचा खर्च धरला, आणि मूल्य जवळजवळ पाचव्या हिश्श्याने उतरले. त्या दिवसापासून शेडमध्ये फिरल्याशिवाय मी टर्मिनल वर्षाचा आकडा लिहीत नाही.

तुमच्या कारखान्याबाबत हा मुद्दा आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे, आणि तो ठाणे आणि नवी मुंबईतल्या जुन्या कारखान्यांना विशेष लागू पडतो. तुमचा भूखंड बहुधा आजोबांच्या किंवा वडिलांच्या काळात एमआयडीसीकडून ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतलेला असेल आणि ताळेबंदात तो त्या वेळच्या किमतीला दिसत असेल. शेडचा घसारा तर कधीच संपलेला असेल. नफा भागिले गुंतवलेले भांडवल हे गणित अशा ताळेबंदावर केले की परतावा देखणा दिसतो, कारण भाजकात जागेची किंमत जवळपास नाहीच. पण `RONIC` हा जुन्या भांडवलाचा परतावा नाही, नव्याचा आहे. सध्याची शेड भरली की पुढची वाढ नव्या शेडमध्ये करावी लागेल आणि ती आजच्या भावाने घ्यावी लागेल. म्हणूनच वागळे इस्टेटमधली मंडळी विस्तारासाठी अंबरनाथ, मुरबाड, खालापूरकडे जातात, आणि तिथे जागा स्वस्त असली तरी कुशल वेल्डर आणि फिटर तिकडे नेणे, दोन ठिकाणी तपासणी यंत्रणा ठेवणे, माल ने-आण करणे हा खर्च वाढतो. माझ्या अनुभवात ताळेबंदावर २० टक्के दाखवणाऱ्या कारखान्याचा नव्या शेडवरचा परतावा क्वचितच त्याच्या जवळ राहतो.

हे तुमच्यापुरते तपासायला अवघड नाही. गेल्या पाच वर्षांत व्यवसायात नव्याने किती पैसा गेला ते काढा: मशीन, बांधकाम, माल आणि उधारीतली निव्वळ वाढ. मग याच काळात कर वजा केलेला कामकाजाचा नफा किती वाढला ते काढा आणि दुसऱ्याला पहिल्याने भागा. पाच वर्षांत २५ कोटी घातले आणि नफा ३.७५ कोटींनी वाढला असेल, तर नव्या भांडवलाचा परतावा १५ टक्के आहे, ताळेबंद काहीही म्हणो. एखादे मशीन नुकतेच बसले असेल आणि त्याचे उत्पादन अजून सुरू व्हायचे असेल तर हा आकडा कमी दिसतो, एवढी सूट द्यावी लागते.

मग १३ च्या वर काहीच धरू नये का? तसेही नाही, आणि इथे परिस्थितीप्रमाणे उत्तर बदलते. डिस्काउंट रेटपेक्षा जास्त परतावा दीर्घकाळ टिकतो तो स्पर्धकाला सहज ओलांडता न येणाऱ्या अडथळ्यामुळे. तुमच्या धंद्यात असा अडथळा असू शकतो: रिफायनरी आणि खत कारखान्यांच्या मान्यताप्राप्त पुरवठादारांच्या यादीत नाव असणे. ती मान्यता मिळायला तपासण्या, नमुने, जुन्या पुरवठ्याचा दाखला लागतो आणि वर्षे जातात. तुमची विक्री मुख्यतः अशा गिऱ्हाइकांना असेल तर १६ टक्के काही काळ धरायला माझी हरकत नसेल. विक्री मुख्यतः व्यापाऱ्यांमार्फत, वजनावर आणि रोजच्या भावावर होत असेल, तर १३ च्या वर जायला मला आधार दिसणार नाही. आणखी एक विचारण्यासारखी गोष्ट म्हणजे ही मान्यता कंपनीच्या नावावर आहे की व्यवहारात थोरल्या काकांच्या तीस वर्षांच्या ओळखींवर. दुसरे असेल तर ते गेल्यावर तो परतावा राहील का, हे त्यांच्यासमोरच बोलले पाहिजे.

वाढीच्या ५ टक्क्यांबद्दल मी थोडक्यात सांगतो. देशाची अर्थव्यवस्था चालू किमतीत याहून वेगाने वाढते, मग आपण ८ टक्के का धरू नये, असे विक्रेत्याच्या बाजूने नेहमी विचारले जाते. त्याचे उत्तर असे की अर्थव्यवस्थेच्या वाढीत उद्या सुरू होणाऱ्या कंपन्याही असतात आणि आजच्या एका कंपनीला ती सगळी वाढ मिळत नाही. शिवाय आजचा वेग अनंतकाळ टिकेल असे कोणीच मानत नाही. रिझर्व्ह बँकेचे महागाईचे उद्दिष्ट ४ टक्के आहे. त्यावर ५ टक्के वाढ म्हणजे मालाच्या संख्येत वर्षाला सुमारे १ टक्का वाढ. परिपक्व इंजिनिअरिंग कारखान्यासाठी मला ती वाजवी वाटते. माझी हरकत फक्त एवढीच असेल की पाचव्या वर्षी १२ टक्के आणि सहाव्या वर्षी एकदम ५ टक्के असे होत नाही. मधली चार-पाच वर्षे उताराची दाखवली असती तर बरे झाले असते, आणि नव्या भांडवलाचा परतावाही त्याच उतारावर २० वरून खाली आणता आला असता.

काही मूल्यांकनकार सूत्राऐवजी पाचव्या वर्षाच्या नफ्याला शेअर बाजारातल्या तशाच कंपन्यांचा गुणक लावतात. पडताळ्यासाठी ते चांगले आहे. तुमच्या अहवालातली टर्मिनल व्हॅल्यू पाचव्या वर्षाच्या नफ्याच्या ९.८ पट बसते आणि १३ टक्के परताव्याने ८.१ पट. पण तेजीच्या वर्षातला गुणक उचलून पाच वर्षांनंतर लावला, तर आजची तेजी पाच वर्षांनी तशीच असेल असे आपण न बोलता मान्य करतो. आणि ज्या व्यवसायाला शेवट आहे, जसे मुदतीचे टोल कंत्राट किंवा दगडाची खाण, तिथे कायमची वाढ लावणेच चूक आहे. तिथे शेवटच्या वर्षापर्यंतच्या रकमा आणि उरलेल्या मालमत्तेची विक्री एवढेच धरायचे. तुमचा व्यवसाय तसा नाही, पण भूखंडाच्या भाडेपट्ट्याची किती वर्षे उरली आहेत हे एकदा पाहून घ्या.

आता तुमच्या हिशेबाला याचा अर्थ काय ते सांगतो. २० टक्के परताव्याने १०१.५ कोटी आणि १३ टक्क्यांनी ८६.४ कोटी, म्हणजे काकांच्या तिसऱ्या हिश्श्यात सुमारे ५ कोटींचा फरक आहे. ही रक्कम व्यवसायाची आहे, त्यातून कर्ज वजा करून आणि जादा रोख मिळवून मगच हिस्सा काढायचा असतो. अहवालात ते केले आहे का ते पाहा. मूल्यांकनकाराकडून तीन आकडे लेखी मागा: टर्मिनल वर्षात नफ्यातला किती हिस्सा परत घातला आहे, त्यावरून नव्या भांडवलाचा परतावा किती निघतो, आणि तो १३ व १६ टक्के धरल्यास एकूण मूल्य किती. चांगला मूल्यांकनकार हे एका दिवसात देईल. पहिल्या आकड्याचे उत्तर «भांडवली खर्च घसाऱ्याएवढा» असे आले, तर माझे उलटे गणित चुकलेले असेल आणि अहवाल पुन्हा करून घ्यावा लागेल.

घरातला वाद मात्र सूत्राने मिटेलच असे नाही, कारण नवी शेड किती कमावेल हे आज काकांनाही माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. अशा वेळी मी दोन कुटुंबांत एक मार्ग वापरला आहे. १३ टक्के परताव्याने निघणारी रक्कम आत्ता द्यायची. वरचे ५ कोटी बाजूला ठेवून करारात असे लिहायचे की पुढच्या चार वर्षांत घातलेल्या नव्या भांडवलावर प्रत्यक्ष परतावा २० टक्के निघाला तर ते पूर्ण द्यायचे, १३ च्या खाली राहिला तर काहीच नाही, आणि मध्ये असेल तर त्या प्रमाणात. परतावा कसा मोजायचा, कोणता खर्च नवे भांडवल धरायचा आणि हिशेब कोण तपासणार हे त्याच करारात लिहा, आणि पुढे ढकललेल्या रकमेवर कर कोणत्या वर्षी लागेल हे सही करण्यापूर्वी तुमच्या चार्टर्ड अकाउंटंटकडून पक्के करून घ्या.